दोन चळतींची रांग : आवक, जावक आणि खर्चाचा हिशेब

संगणकशास्त्रात माहिती साठवण्याच्या ज्या अगदी प्राथमिक रचना आहेत, त्यांत स्टॅक आणि क्यू या दोन रचनांचा क्रम वरचा लागतो. स्टॅक म्हणजे चळत. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट सर्वांत आधी हाती येते. तळातले ताट हवे असेल तर वरची सगळी उचलावी लागतात. क्यू म्हणजे रांग. रांगेत जो आधी येतो तो आधी बाहेर पडतो. दोन्ही रचनांचे नियम परस्परविरुद्ध आहेत. तरीही दोन चळती शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यापासून एक बिनचूक रांग तयार करता येते. ती कशी करायची, हा या रचनेचा सोपा भाग. अशी रांग चालवायला नेमका किती खर्च येतो, हा तिचा खरा विषय आहे. त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी ‘अमोर्टाइज्ड खर्च’ ही कल्पना समजून घ्यावी लागते. ती कुठवर लागू पडते, हेही पाहावे लागते.

रचना

एका चळतीतील वस्तू एकेक करून उचलून दुसऱ्या चळतीवर ठेवल्या, तर त्यांचा क्रम उलटा होतो. पहिल्या चळतीत तळाशी असलेली, म्हणजे सर्वांत आधी आलेली वस्तू दुसऱ्या चळतीत सर्वांत वर येते. चळतीचा नियम क्रम एकदा उलटवतो, दुसरी चळत तो पुन्हा उलटवते. दोन उलट मिळून क्रम सुलट होतो. रचनेचे सारे मर्म एवढेच आहे.

कचेरीतील आवक-जावक विभागांची नावे या दोन चळतींना चपखल बसतात. रांगेत नवी येणारी वस्तू नेहमी आवक चळतीवर ठेवायची. रांगेतून बाहेर पडणारी वस्तू नेहमी जावक चळतीवरून उचलायची. जावक चळत रिकामी असेल आणि तरीही वस्तू बाहेर काढायची असेल, तेव्हाच, आणि केवळ तेव्हाच, आवक चळतीतील सर्व वस्तू एकेक करून जावक चळतीवर हलवायच्या. पायथन भाषेत हे पुढीलप्रमाणे लिहिता येते.

```python
class Raang:
    def __init__(self):
        self.aavak = []
        self.jaavak = []

    def ghe(self, x):
        self.aavak.append(x)

    def sod(self):
        if not self.jaavak:
            while self.aavak:
                self.jaavak.append(self.aavak.pop())
        return self.jaavak.pop()
```

येथे `ghe` ही क्रिया वस्तू रांगेत घेते आणि `sod` ही क्रिया रांगेतील पहिली वस्तू सोडते. दोन्ही चळती रिकाम्या असताना `sod` केल्यास शेवटच्या ओळीवर `IndexError` ही त्रुटी येते. रिकाम्या रांगेतून काही काढता येत नाही, त्यामुळे ते योग्यच आहे. मात्र रांग रिकामी आहे की नाही हे तपासताना दोन्ही चळती पाहाव्या लागतात. केवळ जावक चळत पाहून ‘रांग संपली’ असे ठरवले, तर आवक चळतीत थांबलेल्या वस्तू तशाच पडून राहतात.

प्रत्यक्ष खर्च

खर्च मोजण्यासाठी एकक ठरवावे लागते. चळतीवर एक वस्तू ठेवणे किंवा चळतीवरून एक वस्तू उचलणे म्हणजे एक पायरी, असे मानू. मग `ghe` या क्रियेला नेहमी एकच पायरी लागते. `sod` या क्रियेचा खर्च मात्र परिस्थितीनुसार बदलतो. जावक चळतीत काही असेल तर एका पायरीत काम होते. ती रिकामी असेल आणि आवक चळतीत `k` वस्तू असतील, तर प्रत्येक वस्तू आवकेतून उचलायची आणि जावकेवर ठेवायची, अशा `2k` पायऱ्या स्थलांतराला लागतात आणि शेवटी वस्तू सोडण्याची एक पायरी. एकूण `2k + 1`.

रांगेत एक लाख वस्तू आवक चळतीत साचलेल्या असतील, तर पुढची एक वस्तू सोडायला २,००,००१ पायऱ्या लागतील. एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की प्रत्येक वस्तू सोडण्याचा खर्च रांगेच्या लांबीएवढा वाढू शकतो, म्हणून ही रचना महाग आहे. यातील पहिले अर्धे विधान खरे आहे, दुसरे चूक. महागडी क्रिया एकदा घडली की पुढच्या ९९,९९९ वस्तू प्रत्येकी एकाच पायरीत सुटतात. शिवाय ती महागडी क्रिया घडण्यासाठी आधी एक लाख स्वस्त `ghe` क्रिया घडाव्या लागतात. महागडी क्रिया वाटेल तेव्हा, वाटेल तितक्या वेळा घडवून आणता येत नाही. म्हणून एकेका क्रियेचा वाईटात वाईट खर्च घेऊन त्याला क्रियांच्या संख्येने गुणले, तर येणारा आकडा वास्तवापेक्षा कितीतरी फुगलेला असतो.

अमोर्टाइज्ड खर्च म्हणजे काय

अमोर्टायझेशन हा शब्द मुळात कर्जव्यवहारातला. मोठी रक्कम हप्त्याहप्त्याने चुकती करणे, असा त्याचा अर्थ. अल्गोरिदमच्या विश्लेषणात रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने ही पद्धत नावारूपाला आणली. एखादी महागडी क्रिया अधूनमधून घडत असेल, तर तिचा खर्च आधीच्या स्वस्त क्रियांवर हप्त्यांप्रमाणे वाटून टाकायचा आणि मग प्रत्येक क्रियेच्या वाट्याला किती येते ते पाहायचे. वाटून आलेल्या या रकमेला त्या क्रियेचा अमोर्टाइज्ड खर्च म्हणतात. वाटणी कशीही करून चालत नाही. एक अट पाळावी लागते : कोणत्याही क्षणापर्यंत आकारलेली एकूण रक्कम तोवरच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी पडता कामा नये. हिशेबाची शिल्लक शून्य होऊ शकते, ऋण होऊ शकत नाही.

दोन चळतींच्या रांगेत ही वाटणी कशी करायची, हे एका वस्तूचा प्रवास पाहिला की लक्षात येते. वस्तू आवक चळतीवर एकदा ठेवली जाते, तिथून एकदा उचलली जाते, जावक चळतीवर एकदा ठेवली जाते आणि शेवटी एकदा उचलली जाते. चार पायऱ्यांपलीकडे तिच्यावर खर्च होऊच शकत नाही, कारण जावक चळतीवर गेलेली वस्तू आवकेत कधी परत येत नाही.

यातील शेवटची पायरी `sod` या क्रियेच्या नावावर टाकू. उरलेल्या तीन पायऱ्या `ghe` या क्रियेच्या वेळीच वसूल करू. म्हणजे वस्तू रांगेत घेताना ३ एकके आकारायची. त्यांतील १ लगेच खर्च होते आणि २ शिलकीत पडतात. प्रवाशाने जाण्याच्या भाड्याबरोबर पुढच्या टप्प्याचे भाडेही आधीच भरून ठेवावे, तसा हा प्रकार आहे. जेव्हा स्थलांतर घडते, तेव्हा आवक चळतीतील प्रत्येक वस्तूमागे ही २ एकके जमा असतात आणि स्थलांतराला प्रत्येक वस्तूमागे नेमक्या २ पायऱ्या लागतात. त्यामुळे स्थलांतर कितीही मोठे असो, त्याचा सर्व खर्च शिलकीतून भागतो. `sod` या क्रियेला आपल्या खिशातून केवळ १ एकक द्यावे लागते. म्हणून `ghe` चा अमोर्टाइज्ड खर्च ३ आणि `sod` चा १. दोन्ही स्थिर, रांगेच्या लांबीशी संबंध नसलेले.

एक हिशेब उलगडून

क, ख, ग, घ, च या पाच वस्तू रांगेत येतात आणि मधूनमधून सुटतात, असा दहा क्रियांचा क्रम घेऊ. शिल्लक म्हणजे आधीची शिल्लक, अधिक आकारणी, उणे प्रत्यक्ष खर्च.

| क्र. | क्रिया | प्रत्यक्ष खर्च | आकारणी | शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | क घेणे | १ | ३ | २ |
| २ | ख घेणे | १ | ३ | ४ |
| ३ | ग घेणे | १ | ३ | ६ |
| ४ | सोडणे (क) | ७ | १ | ० |
| ५ | घ घेणे | १ | ३ | २ |
| ६ | सोडणे (ख) | १ | १ | २ |
| ७ | सोडणे (ग) | १ | १ | २ |
| ८ | च घेणे | १ | ३ | ४ |
| ९ | सोडणे (घ) | ५ | १ | ० |
| १० | सोडणे (च) | १ | १ | ० |

चौथ्या क्रियेच्या वेळी जावक चळत रिकामी आहे आणि आवकेत तीन वस्तू आहेत. खर्च येतो ७. त्याआधीच्या तीन क्रियांनी ६ एकके साठवलेली असल्याने ती क्रिया स्वतःच्या एका एककात भागते. पाचव्या क्रियेत घ ही वस्तू आवकेत गेली, पण जावकेत ख आणि ग शिल्लक असल्यामुळे तिला तिथेच थांबावे लागते. नवव्या क्रियेला घ आणि च यांचे स्थलांतर होते आणि खर्च ५ येतो. प्रत्यक्ष खर्चाची बेरीज २०, आकारणीचीही २०. शिल्लक एकदाही शून्याखाली गेली नाही.

तक्त्यातील शिल्लक प्रत्येक ओळीत आवक चळतीतील वस्तूंच्या दुप्पट आहे, हे निरखून पाहण्यासारखे आहे. हीच गोष्ट सूत्रात मांडली की या विश्लेषणाची दुसरी प्रचलित पद्धत मिळते. तिला पोटेन्शियल फंक्शनची पद्धत म्हणतात. रचनेच्या प्रत्येक स्थितीला एक संख्या द्यायची. येथे `Φ = 2k`, जिथे `k` म्हणजे आवक चळतीतील वस्तूंची संख्या. क्रियेचा अमोर्टाइज्ड खर्च म्हणजे तिचा प्रत्यक्ष खर्च अधिक `Φ` मधील बदल. `ghe` साठी तो `1 + 2 = 3` येतो. स्थलांतर घडवणाऱ्या `sod` साठी `(2k + 1) − 2k = 1`, आणि स्थलांतर न घडवणाऱ्या `sod` साठी `1 + 0 = 1`. पहिली पद्धत सावकाराच्या वहीसारखी वस्तूनिहाय हिशेब ठेवते, दुसरी पदार्थविज्ञानातील साठलेल्या ऊर्जेसारखा एकूण स्थितीकडे पाहते. उत्तर एकच येते.

एक गैरसमज येथे टाळायला हवा. अमोर्टाइज्ड खर्च म्हणजे सरासरी परिस्थितीतील खर्च नव्हे. सरासरी काढताना कोणती माहिती किती शक्यतेने येईल याचा अंदाज धरावा लागतो आणि तो अंदाज चुकला की हिशेब कोसळतो. वरच्या हिशेबात शक्यतेचा प्रश्नच नाही. रिकाम्या रांगेपासून सुरुवात करून क्रिया कोणत्याही क्रमाने केल्या, मुद्दाम त्रास देण्याच्या हेतूने केल्या, तरीही `n` क्रियांचा एकूण खर्च `3n` च्या पुढे जात नाही.

दोन चुका आणि त्यांची ओळख

ही रचना लिहिताना होणारी पहिली चूक म्हणजे जावक चळत रिकामी आहे की नाही हे न तपासता स्थलांतर करणे. १, २, ३ रांगेत घेतले आणि एक सोडला, तर १ बाहेर पडतो. जावकेत २ वर आणि ३ त्याखाली उरतो. आता ४ आवकेत आला आणि तपासणी न करता स्थलांतर केले, तर ४ थेट २ च्या डोक्यावर जाऊन बसतो आणि पुढच्या वेळी २ ऐवजी ४ बाहेर येतो. ही चूक साध्या चाचणीत सापडत नाही. सर्व वस्तू आधी घेतल्या आणि नंतर सर्व सोडल्या, तर उत्तर बरोबरच येते. घेणे आणि सोडणे यांची सरमिसळ असलेली चाचणीच ती उघड करते. वरचा दहा क्रियांचा क्रम त्यासाठी पुरेसा आहे.

दुसरी चूक अधिक फसवी, कारण तिच्यामुळे उत्तर कधीच चुकत नाही. प्रत्येक वस्तू सोडून झाल्यावर उरलेल्या वस्तू जावकेतून पुन्हा आवकेत आणून ठेवायच्या, म्हणजे चळती ‘मूळ जागी’ राहतात, असे काहींना नीटनेटके वाटते. त्या क्षणी वर केलेल्या विश्लेषणाचा पायाच निघून जातो. वस्तू जावकेतून मागे येत नाही, या एका गोष्टीवर चार पायऱ्यांची मर्यादा उभी होती. आता `k` वस्तूंच्या रांगेतून एक सोडायला जाताना `2k`, सोडण्याची १ आणि परत येताना `2(k − 1)`, अशा एकूण `4k − 1` पायऱ्या लागतात. एक हजार वस्तू घेऊन मग सर्व सोडल्या, तर मूळ रचनेत ४,००० पायऱ्या होतात. या चुकीच्या रचनेत त्याच कामाला २०,०२,००० पायऱ्या पडतात, म्हणजे सुमारे पाचशेपट. ती ओळखण्याचा मार्ग उत्तर तपासण्याचा नसून वेळ मोजण्याचा आहे. वस्तूंची संख्या दुप्पट केल्यावर एकूण वेळ साधारण दुप्पट झाला तर रचना ठीक. चौपट होऊ लागला, तर कुठेतरी वस्तू मागेपुढे फिरत आहेत. रांगेतील पहिली वस्तू न काढता नुसती पाहण्याची सोय देताना हीच चूक शिरते. त्या क्रियेतही स्थलांतर झाल्यास वस्तू जावकेतच राहू द्याव्यात.

ही रचना कुठे लागते

पायथनमध्ये रांगेसाठी `collections.deque` ही तयार सोय आहे, त्यामुळे रोजच्या कामात दोन चळती हाताने जोडण्याची गरज क्वचितच पडते. या रचनेचे खरे स्थान फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये आहे. तेथील यादी एकदा तयार झाली की बदलत नाही आणि तिच्या एकाच टोकाला वस्तू जोडणे वा काढणे स्वस्त असते. म्हणजे ती यादी मुळातच एक चळत असते. रांग हवी असेल तर अशा दोन याद्या जोडणे हा सरळ मार्ग ठरतो. स्काला भाषेतील `immutable.Queue` ही रांग अशीच, येणाऱ्यांची एक आणि जाणाऱ्यांची एक, अशा दोन याद्यांनी बनलेली आहे.

हमीच्या मर्यादा

अमोर्टाइज्ड खर्चाची हमी एकूण बेरजेची असते, एकेका क्रियेची नसते. रात्रभर चालणाऱ्या हिशेबाच्या कामात एखादी क्रिया लांबली तर काही बिघडत नाही. एकूण वेळ महत्त्वाचा. ध्वनी वाजवणाऱ्या प्रणालीचे तसे नाही. सेकंदाला ४८,००० नमुने वाजत असतील आणि ते ४८० च्या गठ्ठ्यांनी पुरवले जात असतील, तर पुढचा गठ्ठा तयार करायला केवळ १० मिलिसेकंद मिळतात. नेमक्या त्याच वेळी मोठे स्थलांतर सुरू झाले, तर आवाजात खंड पडतो. तो दिवसभरात एकदाच पडला, हे समर्थन ऐकणाऱ्याच्या उपयोगाचे नसते. अशा ठिकाणी सरासरी वेळेचा आलेख नीट दिसतो आणि दोष त्यात बुडून जातो. म्हणून सर्वांत लांबलेल्या क्रियेचा वेळ स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. शिल्लक एकदाच खर्च करता येते, हे वरच्या हिशेबात गृहीत आहे. न बदलणाऱ्या याद्यांच्या जगात मात्र रांगेची जुनी आवृत्ती जपून ठेवता येते आणि तिच्यावर पुन्हा क्रिया करता येते. आवकेत एक हजार वस्तू आणि जावक रिकामी अशी आवृत्ती बाजूला ठेवली आणि तिच्यावर एक हजार वेळा ‘सोडणे’ ही क्रिया केली, तर प्रत्येक वेळी हजार वस्तूंचे स्थलांतर नव्याने होते. पायऱ्या दहा लाखांच्या वर जातात. हजार वस्तूंनी साठवलेली पुंजी पहिल्याच वेळी संपते, पुढचे ९९९ खर्च बिनजमेचे ठरतात.

या दोन्ही अडचणींवर उपाय आहेत. ख्रिस ओकासाकी यांनी जुन्या आवृत्तीची अडचण लेझी इव्हॅल्युएशनच्या, म्हणजे गरज पडेपर्यंत काम लांबवण्याच्या, आधारे सोडवली. १९९८ सालच्या त्यांच्या ‘प्युअरली फंक्शनल डेटा स्ट्रक्चर्स’ या ग्रंथात ती पद्धत सविस्तर आहे. आवक चळत जावकेपेक्षा मोठी होताच स्थलांतराचे काम नोंदवून ठेवायचे, ते प्रत्यक्ष करायचे गरज पडल्यावर, आणि एकदा केले की त्याचे उत्तर जपून सर्व आवृत्त्यांनी वापरायचे. एकेका क्रियेच्या विलंबावरचा उपाय त्याहून जुना आहे. रॉबर्ट हूड आणि रॉबर्ट मेलव्हिल यांनी १९८१ साली लिस्प भाषेसाठी मांडलेल्या रचनेत स्थलांतर एका दमात होत नाही. प्रत्येक घेण्या-सोडण्याबरोबर त्याचा ठरावीक लहानसा भाग उरकला जातो आणि जावक रिकामी होण्यापूर्वी ते पूर्ण झालेले असते. तेथे प्रत्येक क्रियेचा प्रत्यक्ष खर्चच स्थिर राहतो. मात्र अर्धवट स्थलांतराची स्थिती सांभाळण्यासाठी कोड बराच गुंतागुंतीचा होतो. म्हणून जिथे जुन्या आवृत्त्या लागत नाहीत आणि अधूनमधून एखादी क्रिया लांबलेली चालते, तिथे दोन चळतींची साधी रांगच पुरेशी ठरते.